क्लोरीनचा ३५.४५ हा आकडा येतो कुठून?

आवर्तसारणीत क्लोरीनच्या घरात वर १७ हा पूर्णांक असतो आणि त्याच्याबरोबर ३५.४५ असा अपूर्णांक. शाळेच्या पुस्तकांत तो बऱ्याचदा ३५.५ केलेला असतो आणि मोलची गणितं सोडवताना आपण तो मुकाट्याने वापरतो. पण आकडा खरोखर विचित्र आहे. केंद्रकात प्रोटॉन असतात आणि न्यूट्रॉन असतात. दोघांचंही वस्तुमान जवळपास एक एकक भरतं, आणि अर्धा न्यूट्रॉन अशी काही वस्तू नसते. मग हे जवळजवळ अर्धं एकक आलं कुठून?

याचं उत्तर दोन भागांत आहे. एक कारण मोठं आहे आणि ते बहुतेकांनी ऐकलेलं असतं: क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे असतात. दुसरं कारण लहान आहे आणि ते शिकवताना बहुधा राहून जातं: त्या दोन प्रकारांपैकी एकाचंही वस्तुमान पूर्णांक नाही. क्लोरीनच्या आकड्यात ही दोन्ही कारणं स्वच्छ वेगळी काढून दाखवता येतात, म्हणून इथे मुख्यतः क्लोरीनच घेऊ.

या आकड्याने रसायनशास्त्रज्ञांना शंभर वर्षं छळलं आहे. १८१५ साली विल्यम प्राऊट या लंडनच्या डॉक्टरने मांडलं की सगळ्या मूलद्रव्यांची वस्तुमानं हायड्रोजनच्या वस्तुमानाच्या पूर्ण पटीत आहेत, म्हणजे सगळे अणू बहुधा हायड्रोजनचेच बनलेले असावेत. कल्पना देखणी होती आणि कितीतरी मूलद्रव्यं तिच्यात बसतही होती. क्लोरीन मात्र बसेना. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस आणि त्याच्यानंतरच्या लोकांनी जितकं काटेकोर मोजलं, तितका क्लोरीनचा आकडा साडेपस्तिसाच्या आसपास पक्का होत गेला. मोजमापाची चूक म्हणून तो झटकून टाकणं शक्य नव्हतं, आणि प्राऊटची कल्पना मागे पडली.

कोडं सुटलं ते १९१९ मध्ये, केंब्रिजला. तोवर फ्रेडरिक सॉडीने समस्थानिकांची कल्पना मांडली होती: रासायनिक वागणूक एकसारखी, सारणीतली जागा एकच, पण वस्तुमान वेगळं असे अणू असू शकतात. फ्रान्सिस ॲस्टनने ते प्रत्यक्ष दाखवणारं यंत्र बांधलं, मास स्पेक्ट्रोग्राफ. त्यात वायूच्या अणूंना विद्युतभार दिला जातो, विद्युतक्षेत्रातून आणि चुंबकीय क्षेत्रातून त्यांची वाट वळवली जाते आणि ते फोटोच्या काचेवर जाऊन आदळतात. हलके अणू जास्त वळतात, जड कमी, त्यामुळे प्रत्येक वस्तुमानाची काचेवर वेगळी रेघ उमटते. क्लोरीन सोडल्यावर ॲस्टनला एक रेघ ३५ वर मिळाली आणि दुसरी ३७ वर. ३६ आणि ३८ वरही रेघा होत्या, पण त्या एक हायड्रोजन चिकटलेल्या क्लोरीनच्या, म्हणजे हायड्रोजन क्लोराईडच्या. आणि जिथे शंभर वर्षांचा सगळा काथ्याकूट चालला होता, त्या साडेपस्तिसाच्या जागी काहीच नव्हतं. साडेपस्तीस वस्तुमानाचा क्लोरीनचा अणू जगात नाही.

आज आपल्याला हे आकडे बरेच नेमके माहीत आहेत. निसर्गात सापडणाऱ्या क्लोरीनमध्ये दर शंभर अणूंमागे ७५.७६ अणू क्लोरीन-३५ चे असतात आणि २४.२४ क्लोरीन-३७ चे. दोघांतही प्रोटॉन १७ च. पहिल्यात न्यूट्रॉन १८, दुसऱ्यात २०. मधला क्लोरीन-३६ किरणोत्सारी आहे. विश्वकिरणांमुळे तो सतत थोडा थोडा तयार होत असतो, पण त्याचं प्रमाण इतकं नगण्य असतं की सरासरीत त्याची दखल घ्यायची गरज पडत नाही.

आता सरासरी. ३५ आणि ३७ यांची साधी सरासरी ३६ येते आणि पुष्कळ विद्यार्थी तिथेच थांबतात. चूक कुठे होते ते एका वर्गाच्या उदाहरणावरून लगेच कळतं. अ तुकडीत ६० मुलं आहेत, त्यांचे सरासरी गुण ५०. ब तुकडीत २० मुलं, त्यांचे सरासरी गुण ७०. सगळ्या ८० मुलांची सरासरी ६० नाही, ती ५५ आहे, कारण अ तुकडीची मुलं तिप्पट आहेत आणि ती सरासरीला आपल्याकडे ओढतात. क्लोरीनमध्येही साधारण तीनास एक असंच प्रमाण आहे. म्हणून प्रत्येक समस्थानिकाचं वस्तुमान त्याच्या वाट्याने गुणायचं आणि मग बेरीज करायची. वाटा टक्क्यांत दिला असेल तर आधी शंभराने भागून घ्यायचा. यालाच भारित सरासरी म्हणतात.

आधी मुद्दाम पूर्णांक घेऊनच करून पाहू:

३५ × ०.७५७६ = २६.५१६०
३७ × ०.२४२४ = ८.९६८८
बेरीज = ३५.४८४८

उत्तर ३५.४८ आलं. सारणीत आहे ३५.४५. जवळ आहे, पण तेच नाही, आणि हा फरक आकडे पूर्ण करण्याच्या घोळातून आलेला नाही. आधुनिक यंत्र अणूचं वस्तुमान दशलक्षांश भागाहूनही बारीक मोजतं, तिथे ०.०३ हा खूप मोठा फरक झाला.

चूक झाली ती ३५ आणि ३७ घेण्यात. हे दोन्ही अणुवस्तुमानांक आहेत. म्हणजे केंद्रकात एकूण किती कण आहेत याची ती मोजणी आहे, आणि मोजणी असल्यामुळेच ते पूर्णांक आहेत. वजनकाट्यावरचा आकडा वेगळा. क्लोरीन-३५ चं प्रत्यक्ष वस्तुमान ३४.९६८८५ एकक आहे, क्लोरीन-३७ चं ३६.९६५९० एकक. ते घालून पुन्हा करू:

३४.९६८८५ × ०.७५७६ = २६.४९२४
३६.९६५९० × ०.२४२४ = ८.९६०५
बेरीज = ३५.४५२९

आता सारणीतला ३५.४५ आला. म्हणजे क्लोरीनचा आकडा ३५ वरून ३५.४८ वर नेला तो मिश्रणाने, आणि तिथून ३५.४५ वर खाली आणला तो एका वेगळ्याच गोष्टीने. ती गोष्ट काय, हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

३४.९७ का, ३५ का नाही?

क्लोरीन-३५ चा अणू सुट्या भागांतून जोडायचा आहे असं समजा. १७ प्रोटॉन आणि १७ इलेक्ट्रॉन लागतील. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनची एक जोडी म्हणजे वस्तुमानाने एक हायड्रोजन अणू, १.००७८२५ एकक. शिवाय १८ न्यूट्रॉन लागतील, प्रत्येकी १.००८६६५ एककाचे. सगळं मिळून होतं ३५.२८९०. जोडलेला अणू मात्र भरतो ३४.९६८९. ०.३२ एकक वस्तुमान कमी झालं!

ते हरवलेलं नाही. हे कण एकत्र बांधले जातात तेव्हा ऊर्जा बाहेर पडते, आणि ऊर्जा गेली की तिच्याबरोबर वस्तुमानही जातं. आइन्स्टाइनच्या प्रसिद्ध सूत्राचा अर्थ इथे अगदी तराजूत दिसतो. केंद्रक पुन्हा फोडायचं तर तेवढीच ऊर्जा परत घालावी लागेल, म्हणून तिला बंधनऊर्जा म्हणतात आणि वस्तुमानातल्या घटीला वस्तुमान तूट. रासायनिक क्रियेतही ऊर्जेसोबत वस्तुमान बदलतं, पण ते इतकं कमी की कुठल्याही काट्यावर दिसणार नाही. केंद्रकातली बांधणी लाखो पट घट्ट असल्यामुळे इथे हा फरक दुसऱ्याच दशांश स्थळी उघड होतो.

तूट सगळ्याच केंद्रकांत असते. मग एखादं केंद्रक पूर्णांकाच्या खाली आणि एखादं वर का जातं? याचं उत्तर आपण एकक कसं ठरवलं त्यात आहे. १९६१ पासून कार्बन-१२ च्या अणूचं वस्तुमान बरोबर १२ मानलं जातं आणि त्याचा बारावा भाग म्हणजे एक एकक. म्हणजे कार्बन-१२ मधल्या कणांची तूट एककातच मुरवलेली आहे. कार्बनमध्ये दर कणामागे सुमारे ०.००८२ एकक तूट पडते, क्लोरीन-३५ मध्ये सुमारे ०.००९१. क्लोरीनचं केंद्रक कार्बनपेक्षा घट्ट बांधलेलं आहे, म्हणून त्याचं वस्तुमान ३५ च्या किंचित खाली उतरतं. लोखंडाच्या आसपासची केंद्रकं सर्वांत घट्ट असतात. लोह-५६ चं वस्तुमान ५५.९३५ आहे, ५६ पेक्षा बरंच खाली. उलट साध्या हायड्रोजनमध्ये एकटाच प्रोटॉन, बांधायला दुसरं कोणी नाही, म्हणून तो १ च्या वर, १.००७८ वर राहतो. युरेनियम-२३८ सारखी अवजड केंद्रकं पुन्हा सैल होत जातात आणि २३८ च्या थोडी वर, २३८.०५ वर बसतात.

ॲस्टनच्या पहिल्या यंत्राची अचूकता हजारात एक भाग होती, म्हणून त्याला हायड्रोजन सोडून बहुतेक सगळे अणू पूर्णांकांवरच दिसले. १९२७ मध्ये त्याने दहापट अचूक यंत्र वापरून तेच अणू पुन्हा मोजले, तेव्हा पूर्णांकांपासूनचे हे बारीक फरक दिसू लागले. जी दोन कारणं आपण एका आकड्यातून सोडवून घेतली, ती त्याला आठ वर्षांच्या अंतराने याच क्रमाने सापडली.

दोन्ही कारणं एकेकटी पाहायची असतील तर आवर्तसारणीतच त्यांची उदाहरणं आहेत. फ्लोरीनचा एकच समस्थानिक निसर्गात आढळतो, फ्लोरीन-१९. मिश्रणाचा प्रश्नच नाही, तरी आकडा १९ नसून १८.९९८ आहे. हा फरक संपूर्णपणे बंधनऊर्जेचा. कार्बनचं नेमकं उलट. कार्बन-१२ तर व्याख्येनेच पूर्णांक, तरी सारणीत कार्बन १२.०११ दिसतो, कारण निसर्गातल्या कार्बनमध्ये सुमारे १.०७ टक्के कार्बन-१३ मिसळलेला आहे. ज्याच्यावरून आपण एकक ठरवलं, त्या मूलद्रव्याचा आकडासुद्धा सारणीत पूर्णांक नाही.

यातून एक साधी खूण हाती येते. सोडिअम २२.९९०, ॲल्युमिनिअम २६.९८२, सोनं १९६.९६७ असा आकडा पूर्णांकाला खेटून असेल तर बहुधा एकच समस्थानिक आहे किंवा एकाचंच पारडं फार जड आहे. आकडा दोन पूर्णांकांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत असेल तर नक्कीच मिश्रण आहे. पण ही खूण उलट दिशेने वापरताना जपून. ब्रोमीनचा आकडा ७९.९०४ आहे, म्हणून निसर्गात ब्रोमीन-८० भरपूर असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो निसर्गात आढळतच नाही. तिथे ब्रोमीन-७९ आणि ब्रोमीन-८१ जवळजवळ निम्मेनिम्मे आहेत आणि सरासरी योगायोगाने ८० च्या शेजारी जाऊन बसली आहे.

उलट गणित आणि त्यातला खड्डा

परीक्षेत बऱ्याचदा उलट विचारतात: सरासरी दिली आहे, प्रमाण काढा. क्लोरीन-३५ चा वाटा क्ष मानला तर क्लोरीन-३७ चा वाटा १ − क्ष. भारित सरासरीचं समीकरण मांडून क्ष सोडवला की

क्ष = (३६.९६५९ − सरासरी) ÷ (३६.९६५९ − ३४.९६८८५)

सरासरी ३५.४५३ घेतली तर क्ष ०.७५७६ येतो, अगदी बरोबर. सारणीतला ३५.४५ घेतला तर ०.७५९१. सरासरीत ०.००३ एवढाच बदल केला, पण उत्तर टक्क्याच्या पहिल्या दशांशात हललं. इथे छेदात फक्त दोनच्या आसपासचा आकडा आहे, त्यामुळे अंशातली बारीकशी चूकही उत्तरात दिसते.

खरी गंमत पुढे आहे. पुस्तकी पद्धतीने ३५, ३७ आणि ३५.५ घेतले तर क्ष बरोबर ०.७५ येतो, म्हणजे ३:१. खऱ्या उत्तराच्या जवळच. आता कोणी जास्त अचूक व्हायचं म्हणून ३५ आणि ३७ तसेच ठेवले आणि सरासरी तेवढी ३५.४५ घेतली, तर क्ष ०.७७५ येतो. आकडा जास्त अचूक घेऊनही उत्तर बिघडलं! पहिल्या गणितात वस्तुमानं थोडी वर ढकललेली होती आणि सरासरीही वर ढकललेली होती, त्यामुळे दोन चुकांनी एकमेकींना सावरलं. एकच चूक दुरुस्त केली की दुसरी उघडी पडते. म्हणून नियम असा ठेवावा: वस्तुमानं आणि सरासरी एकाच दर्जाची असावीत, सगळी ढोबळ किंवा सगळी नेमकी.

ही पद्धत दोन समस्थानिकांपुरतीच चालते हेही लक्षात असू द्या. मॅग्नेशिअमला तीन आहेत, २४, २५ आणि २६. तिथे सरासरी २४.३०५ एवढीच सांगितली तर प्रमाण काढता येणार नाही, आणखी एक माहिती लागेल. सरासरी काढताना मात्र समस्थानिक कितीही असोत, पद्धत तीच. उत्तर तपासायला दोन प्रश्न पुरतात. सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड समस्थानिकाच्या मध्ये ते आहे का? आणि ज्याचं प्रमाण जास्त त्याच्याकडे ते झुकलेलं आहे का? क्लोरीनसाठी ३६ च्या वर उत्तर आलं तर वाटे उलटे जोडले गेले आहेत. ३५४५ आलं तर शंभराने भागायचं राहिलं आहे.

सरासरी ही ढिगाची असते, एकेका अणूची नाही. वायूरूप क्लोरीनचा रेणू दोन अणूंचा, त्याचं वस्तुमान आपण ७०.९ लिहितो. पण मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे ॲस्टनच्या यंत्राच्या आजच्या रूपाच्या, आलेखात रेणूंची शिखरं ७०, ७२ आणि ७४ वर येतात: दोन्ही अणू हलके, एक हलका एक जड, दोन्ही जड. त्यांची उंची साधारण ९:६:१ असते, कारण हलका अणू सापडण्याची शक्यता जड अणूच्या सुमारे तिप्पट आहे. अनोळखी पदार्थाच्या आलेखात दोन एककांच्या अंतरावर ३:१ उंचीची जोडी दिसली की रसायनशास्त्रज्ञ लगेच ओळखतो, या रेणूत एक क्लोरीन आहे. निम्मेनिम्मी जोडी दिसली तर ब्रोमीन. मूठभर मिठात मात्र अणू इतके प्रचंड असतात की सरासरीपासून ढळायला वावच उरत नाही. म्हणून तोलून मापून काम करताना ३५.४५ हाच आकडा खरा ठरतो.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: समस्थानिकांचं प्रमाण सगळीकडे सारखं असणं. ते अगदी तंतोतंत सारखं नसतं. पाणी आटताना, क्षार तयार होताना हलके आणि जड अणू किंचित वेगळे वागतात. म्हणून शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संघ गेल्या काही वर्षांपासून क्लोरीनसह काही मूलद्रव्यांसाठी एका आकड्याऐवजी पल्ला देतो. क्लोरीनचा पल्ला ३५.४४६ ते ३५.४५७ आहे. दोन दशांशांपर्यंत काम करणाऱ्याला त्याने जवळपास काही फरक पडत नाही.

लिथिअमची गोष्ट वेगळी. त्याचे दोन समस्थानिक आहेत, लिथिअम-६ सुमारे साडेसात टक्के आणि बाकीचा लिथिअम-७. सारणीतला आकडा ६.९४. पण लिथिअम-६ हायड्रोजन बॉम्बसाठी लागतो. शीतयुद्धाच्या काळात तो मोठ्या प्रमाणावर वेगळा काढला गेला आणि उरलेला, लिथिअम-७ ने भरलेला माल रसायनांच्या बाजारात आला. त्यामुळे बाजारातल्या लिथिअमचं सरासरी अणुवस्तुमान ६.९४ पासून जवळजवळ ७ पर्यंत कुठेही असू शकतं. टोकाला हा फरक सुमारे ०.८ टक्के आहे. बाटलीवरचं लिथिअम क्लोराईड शुद्ध असेल, तोलही अचूक असेल, तरी सारणीतला आकडा घेऊन काढलेले मोल चुकतील, आणि शुद्धतेच्या कोणत्याही रासायनिक चाचणीत हे कळणार नाही, कारण रासायनिकदृष्ट्या दोन्ही समस्थानिक जवळपास एकसारखेच वागतात. अशा कामात त्या बाटलीतला नमुना मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजायचा, त्यातले दोन वाटे काढायचे आणि वर क्लोरीनसाठी केलं तेच दोन ओळींचं गणित त्या बाटलीपुरतं पुन्हा करायचं.